दिवा लागायच्या आधी

मुक्ताईच्या पोस्टकार्डाला उत्तरेश्वरांनी उत्तर दिलंच नव्हतं. कार्ड येऊन दीड वर्ष झालं, तरी ते त्यांच्या वाचायच्या पुस्तकात खूण म्हणून फिरत होतं. पुस्तक संपलं की दुसऱ्यात जायचं. कार्डाच्या कडा मऊ पडल्या होत्या. कळंबची थोरली बहीण, सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मात्र दगडात कोरल्यासारखं. म्हशीचं, भाच्याच्या सोयरिकीचं सगळं लिहून झाल्यावर तळाशी, कोपऱ्यात दाटीवाटीनं तिनं लिहिलं होतं: ‘एकच विचारते. तुला झोप लागते का? उत्तर लिहून धाड. फोनवर तू खोटं बोलतोस, कागदावर तुला जमत नाही.’

हे खरंच होतं. म्हणून तर ते लिहीत नव्हते.

झोप हाच त्यांचा धंदा होता. हिंजवडीच्या गावठाणात, होस्टेलांच्या गल्लीच्या तोंडाशी ‘उत्तरेश्वर गादी भांडार’. कंपन्यांत नव्यानं लागलेली पोरं बसमधून उतरायची, एक सिंगल गादी, एक उशी, एक बादली घ्यायची आणि ते डोक्यावर घेऊन गल्लीत नाहीशी व्हायची. मागच्या दोन खोल्यांत घर. तिथे उत्तरेश्वर स्वतः बनवलेल्या गादीवर पडून छताकडे बघत असायचे.

ज्या संध्याकाळी घर दुभंगायची वेळ आली, त्या संध्याकाळीही दुकानात अंधार होता. दुकान उघडं आणि दिवे बंद. गल्लीतली होस्टेलं उजळली होती, समोरच्या चहावाल्याचा बल्ब लागला होता, आणि या एका दुकानात भिंतीला टेकवलेल्या गाद्या अंधारात ओळीनं उभ्या होत्या; बोलावणं यायची वाट बघत थांबलेल्या माणसांसारख्या. गल्ल्यापाशी उत्तरेश्वर बसले होते. पुस्तक मांडीवर होतं. अक्षरं दिसेनाशी होऊन बराच वेळ झाला होता.

अंधाराला कारण होतं. सुशीलाबाईंच्या माहेरची रीत अशी, की तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की घरातून पैसा बाहेर द्यायचा नाही. दिलेल्या पैशामागे लक्ष्मी उंबरा ओलांडते. आणि देवापुढे दिवा लागल्याशिवाय दुकानातली ट्यूब लावायची नाही. चाळीस वर्षांच्या संसारात या रितीची कधी अडचण झाली नव्हती. दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेब सावकारांचा माणूस गेनबा वसुलीला यायला लागला तेव्हापासून ती झाली. गेनबा दिवस बुडाल्यावरच यायचा. एकदा उत्तरेश्वरांनी भीत भीत म्हटलं होतं, “दुपारी आलात तर बरं.” गेनबा म्हणाला होता, “दिवस पुरा झाल्याबिगर दिवसाचं व्याज कसं घेऊ? ते पाप हाय.”

तेव्हापासून गेनबा येऊन पैसे घेऊन जाईपर्यंत देवापुढचा दिवा थांबायचा, आणि दिव्यामुळे दुकान. सुरुवातीला दहा मिनिटांचा प्रश्न होता. मग अर्ध्या तासाचा झाला. गेनबा रोज किंचित उशिरा येऊ लागला. कंपन्यांच्या बसगाड्या याच वेळेला रिकाम्या होत. पोरं अंधाऱ्या दुकानाकडे बघून ‘बंद आहे रे’ म्हणत पुढे जात. आत बसलेल्या म्हाताऱ्याला ती दिसत. त्यांना तो दिसत नसे.

“आहे ना?”

उत्तरेश्वर दचकले. पावलं वाजलीच नव्हती, कधी वाजत नसत. पांढरं धोतर, पांढरी पैरण, पांढरी टोपी. चेहरा अंधारात गेलेला. गेनबा दारालगतच्या घडी घातलेल्या गादीवर बसला. रोज याच गादीवर. त्या गादीला मधोमध खळगा पडला होता. सांगावंसं वाटत नव्हतं, पण उत्तरेश्वरांनी पाहिलं होतं: गेनबा तापानं आठवडाभर आला नव्हता, तेव्हाही तो खळगा वर आला नाही. उलट खोल गेला होता. त्या आठवड्यात ते रोज दिवा न लावता बसले होते, आणि उठताना त्यांना वाटलं होतं, तो येत नाहीये असं नाही. तो बसलाय, आपल्याला दिसत नाहीये.

पाचशेची नोट त्यांनी पुढे केली. गेनबानं ती न बघता बोटांनी चाचपली, वसुलीच्या कार्डावर अंधारातच सही ओढली आणि उठला. चहावाल्याच्या बाकड्याखालचं कुत्रं एरवी सगळ्यांवर भुंकायचं. ते पाय ओढून आत सरकलं.

मग आतून घंटी वाजली, दिवा लागला, ट्यूब फडफडून पेटली. आणि उजेडात दिसलं, की गाद्यांच्या ओळीपलीकडे सून उभी होती. नम्रता. कंपनीची पिशवी अजून खांद्यालाच होती.

“बाबा, बँकेतून फोन आला होता मला. तनुजा मॅडमचा.”

उत्तरेश्वरांनी पुस्तक मिटलं.

“त्या दोनदा येऊन गेल्या म्हणे पाहणीला. शाखा बंद झाल्यावर घरी जाताना. दोन्ही वेळा दुकान बंद होतं.”

“बंद नव्हतं,” उत्तरेश्वर पुटपुटले. “मी होतो.”

“अंधारात.”

उत्तरेश्वरांनी पुस्तकाबाहेर आलेलं कार्ड आत सारलं.

*

जेवणं झाली तरी कोणी उठेना. सुशीलाबाईंचा भाऊ दत्तप्रसाद आला होता. वाकडच्या रस्त्याला त्याचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. आप्पासाहेबांशी गाठ त्यानंच घालून दिली होती आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर साक्षीदार म्हणून त्याचीच सही होती. होस्टेलच्या एका ठेकेदारानं चाळीस गाद्या उधार नेऊन तोंड काळं केलं, जूनच्या हंगामाला कापूस आणि कापड भरायला हातात दमडी राहिली नाही, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी सगळ्यांनी दत्ताला दुवा दिला होता.

“बँकेचं नाव काढू नका दाजी,” दत्ता म्हणाला. “बँक कागद मागते. आप्पासाहेब माणूस बघून देतात.”

“काय बघून दिलं ते तरी ऐका,” नम्रता म्हणाली. ती सासूच्या शेजारी बसली होती, पण बोलत होती सासऱ्यांकडे बघून. “लाख म्हणाले, हातात नव्वद ठेवले. दहा हजार आधीच कापले. रोज पाचशे व्याज, म्हणजे महिन्याला पंधरा हजार. दोन वर्षं झाली, साडेतीन लाखांच्या वर गेले. आणि लाख कुठंय? लाख तिथेच आहे.”

“मुद्दल मुद्दलच राहणार. ते कुठे जाईल?” दत्ता हसला. कोणी साथ दिली नाही.

“तेच म्हणते मी. रोजचे पाचशे मुद्दलाला शिवतच नाहीत. आणखी वीस वर्षं दिले तरी लाख देणं आहेच.”

शुभंकर, उत्तरेश्वरांचा मुलगा, मोबाइल उलटासुलटा करत होता. “पण नमू, खाडा पडला तर? एका दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचे पाचशे आणि वर पाचशे दंड, दोन्ही मुद्दलात. मग त्या वाढलेल्या मुद्दलावर व्याज. इट्स अ ट्रॅप, मान्य. पण ट्रॅपमध्ये हलायचं नसतं ना.”

“वा,” नम्रता म्हणाली. “छान. सगळे मिळून न हलता बसू या. अंधारात बसायची सवय आहेच.”

उत्तरेश्वरांना हसू आलं आणि त्याची लाजही वाटली.

बँकेत जायचं नम्रतानंच ठरवलं होतं, महिन्यापूर्वी. ते तिच्यामागून गेले होते, वह्या दडवलेल्या पोरासारखे. दुकानाची नोंदणी, उद्यमचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, भाडेकरार, दोन वर्षांची विवरणपत्रं, खात्याचा वर्षभराचा उतारा, सगळं तिनं लावलं होतं. तनुजा मॅडमनी उतारा बघून विचारलं होतं, “विक्री एवढी, मग खात्यात शिल्लक का राहत नाही?” उत्तरेश्वरांची मान खाली गेली. ते सावकाराचं सांगणार नव्हते. सांगितलं तर कोण कर्ज देईल? पण नम्रतानं सगळं सांगून टाकलं. आणि मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “हे आधी सांगायचं असतं, काका. खासगी सावकाराचं देणं फेडायला, शेतकरी नसलेल्यालासुद्धा, एक लाखापर्यंत कर्ज देता येतं आम्हाला. मागायला कोणी येत नाही, लाजेनं. तेवढं एक वेगळं मुदत कर्ज करू. माल भरायला मुद्रा योजनेतून दीड लाखाची कॅश क्रेडिट, लागतील तसे काढायचे आणि भरायचे. त्याला घर गहाण नको, मालच तारण. पण दुकान चालतं हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.”

आणि त्यांच्या डोळ्यांना दोनदा अंधार दिसला होता.

“मी आजच त्यांना फोनवर विचारलं,” नम्रता म्हणाली. “त्या पुन्हा एकदा येणार. कधी ते सांगणार नाहीत, तो नियमच आहे. संध्याकाळीच येतील. या वेळी बंद दिसलं तर फाइल परत.”

सगळ्यांच्या नजरा हळूहळू सुशीलाबाईंकडे वळल्या. दिवा त्यांच्या हातात होता.

“माझ्याकडे काय बघता?” त्या म्हणाल्या. “मी रीत मोडायची? लावा मग ट्यूब देवाआधी. माझ्या आईनं भुकेल्या पोरांना झोपवलं, पण दिव्यानंतर उसनं मीठ दिलं नाही कुणाला.”

“अक्काचं बरोबर आहे,” दत्ता घाईनं म्हणाला.

“तुझं काय जातं रे दत्ता?” त्यांनी भावाकडे पाहिलं, नीट पाहिलं. “तू सारखा घड्याळ कशाला बघतोस? आल्यापासून बघतोयस. संध्याकाळी कधी इथे थांबत नाहीस. आज दुकान कुणाच्या भरवशावर टाकून आलास?”

“पोरगा आहे ना बसलेला.”

“अंधारात?”

दत्ता उठला. “मी सांगायचं काम केलं. उद्या आप्पासाहेबांनी तारण म्हणून घेतलेले दोन कोरे चेक वटवायला टाकले, ते परतले आणि दाजींच्या नावावर केस लागली, तर मला बोलवू नका.” चपला पायात अडकवताना त्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं. उत्तरेश्वरांनी ते पाहिलं.

तो गेल्यावर सुशीलाबाई बराच वेळ भांड्यांशी खुडबुडत राहिल्या. मग तिथूनच म्हणाल्या, “रीत पैसे द्यायचे नाहीत अशी आहे. दिवा लावायचा नाही अशी नाही.”

कोणाला पटकन कळलं नाही.

“अहो, दोन वर्षं आपण दिवा थांबवला, पैसे द्यायचे म्हणून. उलटं झालं ते. दिवा वेळेला लावायचा, आणि मग द्यायचे नाहीत. माझी आई असती तर तिनं काय केलं असतं?”

“आई, खाडा,” शुभंकर म्हणाला.

“पडू दे.”

*

दुसऱ्या दिवशी सूर्य टॉवरांमागे गेला तशा सुशीलाबाई हातपाय धुऊन देवापुढे बसल्या. उत्तरेश्वर गल्ल्यापाशी उभेच होते. काडी ओढल्याचा आवाज आला, घंटी आली, आणि मग ट्यूब. दोन वर्षांत पहिल्यांदा दुकान गल्लीबरोबर उजळलं. त्यांना उघडं पडल्यासारखं झालं. प्लॅस्टिकच्या वेष्टणातल्या गाद्या चमकल्या. बाहेरून एक मुलगी आत डोकावली. “काका, चालू आहे? सिंगल कितीला?”

तिच्यामागून आणखी दोघे आले. उत्तरेश्वर मापाची पट्टी शोधू लागले. एका पोराला उशी कडक हवी होती, दुसरा नुसताच भाव करत होता. हे चालू असताना ते सारखे दाराकडे बघत होते. दारालगतच्या गादीवर, खळगा होता त्या जागी, ट्यूबचा उजेड पोचत होता तरी थोडा काळोख साचून राहिला होता.

गिऱ्हाइकं गेली. रस्त्यावर, जिथे दुकानाचा उजेड संपत होता त्या रेषेपलीकडे गेनबा उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे.

“या,” उत्तरेश्वर म्हणाले.

“दिवा लागला जनू.”

“हो.”

“आहे ना?”

उत्तरेश्वरांनी आत पाहिलं. आतल्या दारात पत्नी उभी होती, पदर खोचून. सवयीनं त्यांचा हात गल्ल्यात गेलाच होता. पाचशेची नोट बोटांत आलीच होती. ती त्यांनी परत ठेवली. “दिव्यानंतर देत नाही आम्ही.”

गेनबा उंबऱ्यापर्यंतसुद्धा आला नाही. “मीबी घेत न्हाई,” तो म्हणाला. “माझ्या आईनंबी हेच शिकिवलं. दिव्यामागनं आनलेला पैसा घरात टिकत न्हाई. म्हनून तर तुमचा दिवा लागायच्या आधी येत हुतो.” मग जरा थांबून, “दोन वर्सं तुमी माझी वाट बघितली. मला वाटलं तुमाला ठावं हाय. दिवा लावला असता तर मी पयल्या दिशीच परतलो असतो.”

तो वळला. पांढरे कपडे गल्लीतल्या अंधारात शिरले आणि विझले. उत्तरेश्वरांच्या अंगावर काटा आला. भीती गेनबाची नव्हती. दोन वर्षं आपण आपल्याच हातानं अंधार केला आणि त्यात त्याला बसवून ठेवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

पण खाडा पडला तो पडलाच. रोज पडू लागला. गेनबा रोज त्या रेषेवर येऊन उभा राही, विचारी, निघून जाई. घरात कोणी मोठ्यानं बोलेना. रात्री अंथरुणावर उत्तरेश्वर मनातल्या मनात वाढत्या मुद्दलाची बेरीज करत राहायचे.

आणि एका संध्याकाळी, दुकानात गिऱ्हाइकांची दाटी असताना, एक बाई उशा दाबून बघू लागल्या. उत्तरेश्वरांनी भाव सांगितला आणि मग ओळखलं. तनुजा मॅडम.

“चालू द्या, काका. गिऱ्हाईक सोडू नका.” त्यांनी मालाचे फोटो घेतले, मागची कापसाची पोती मोजली, खरेदीची बिलं चाळली, क्यूआरच्या पाटीवर पैसे जमा झाल्याची घोषणा ऐकत उभ्या राहिल्या. जाताना दारालगत थबकल्या. “ही गादी अशी का झालीय?”

“एक जण बसायचा,” उत्तरेश्वर म्हणाले.

“वजनदार असणार.”

“नाही हो. अगदी काटकुळा.”

*

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी नम्रतानं आकडे पुन्हा वाचून दाखवले. लाखाला वर्षाला अकरा टक्के व्याज, ते उरलेल्या रकमेवर. तीन वर्षं, महिन्याचा हप्ता सव्वातीन हजारांच्या आसपास. प्रत्येक हप्त्यात थोडं व्याज, बाकी मुद्दल. कॅश क्रेडिटचं व्याज वापराल तेवढ्यावरच, विक्री खात्यात भरली की उतरणार. दर महिन्याला मालाचा तक्ता द्यायचा आणि मालाचा विमा काढायचा.

“लाखाचं तीन वर्षांचं मिळून व्याज अठरा हजारसुद्धा नाही, बाबा. आप्पासाहेबांना तुम्ही तेवढं सव्वा महिन्यात देत होतात.”

“हप्ता चुकला तर?” त्यांनी विचारलं.

“तर बँकही दंड लावेल, आणि नाव खराब होईल. ते काही धर्मादाय नाही. पण कुठे उभे आहोत ते कागदावर दिसेल. दर महिन्याला मुद्दल कमी झालेलं दिसेल.”

उत्तरेश्वरांनी तो परतफेडीचा तक्ता हातात घेतला. एकेका ओळीत शिल्लक उतरत जात होती आणि शेवटच्या ओळीत शून्य होतं. इतकं वाचलं होतं त्यांनी आयुष्यात, पण एखाद्या शेवटच्या ओळीनं त्यांचे डोळे असे भरून आले नव्हते.

आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्वतः गाडीतून आले. जमिनी गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, तसे ते जाड होत गेले होते. मागे दत्ता, पडलेल्या खांद्यांचा.

“काय उत्तरेश्वर, बँकेत गेलासा म्हनं. बरं केलं. खाडे धरून एक लाख सोळा झालं. रोख द्या, रिकामं व्हा.”

नम्रतानं बँकेचा चेक टेबलावर ठेवला. आप्पासाहेबांच्या नावाचा, एक लाखाचा. “रोख बँक देत नाही.”

“चेक मी घेत न्हाई.”

“का? नावावर येईल म्हणून?” तिनं अगदी साधेपणानं विचारलं. “सावकारीचा परवाना आहे ना तुमच्याकडे?”

आप्पासाहेबांनी दत्ताकडे पाहिलं. “तुझी भाचेसून लई शिकलेली हाय.”

“परवाना नसेल तर सावकारी हाच गुन्हा आहे,” नम्रता म्हणाली. “आणि असला तरी कोऱ्या कागदावर सही घेता येत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. साडेतीन लाख गेलेत. सहायक निबंधकांकडे अर्ज लिहून ठेवलाय, गेनबांच्या सह्यांची कार्डं जोडून. तो द्यायचा की फाडायचा, तुम्ही सांगा. बाबा म्हणतात, घेतलेलं मुद्दल पुरं परत करायचं. मी असते तर तेही केलं नसतं.”

“तुमचं काय म्हननं?” आप्पासाहेब उत्तरेश्वरांकडे वळले. त्यांना मऊ जागा ठाऊक होती.

उत्तरेश्वरांनी पुस्तक बाजूला ठेवलं. नेहमी अशा वेळी ते पुस्तकात शिरायचे. “सून बोलली तेच,” ते म्हणाले. “चेक घ्या. माझे दोन चेक आणि स्टॅम्पपेपर द्या. हातउसने एक लाख परत मिळाले, काही बाकी नाही, असं लिहून द्या. माझ्या चेकांचं पेमेंट मी सकाळीच बँकेत थांबवून आलोय.”

एवढं बोलून त्यांना दम लागला. सुशीलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, नवऱ्यापुढे. पाहुण्यापुढे नाही.

आप्पासाहेबांनी लिहून दिलं. दत्तानं साक्षीदार म्हणून खाली सही केली. जाताना तो बहिणीशी बोलला नाही, तिनंही त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळी दिवा लागला. रेषेवर कोणी नव्हतं. तरीही दिवेलागणीला उत्तरेश्वरांचा हात आपोआप गल्ल्यात गेला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पाचशेची नोट त्या खळग्यात ठेवलीय. दुसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी नम्रतानं त्या नोटा उचलल्या, एक शब्द न बोलता बँकेत भरल्या आणि ती गादी पिंजायला धाडली. पिंजाऱ्यानं ती उसवून कापूस बघितला. “मेला नाही कापूस,” तो म्हणाला. “दबलाय नुसता. उडेल.”

ती गादी उत्तरेश्वरांनी विकली नाही. स्वतःला घेतली. पहिल्या दोन रात्री कुणीतरी बाजूला बसलंय असं वाटत राहिलं. तिसऱ्या रात्री काही वाटलंच नाही, कारण ते झोपले होते.

*

मग त्यांनी नवं पोस्टकार्ड घेऊन ताईला उत्तर लिहिलं. ‘ती. ताईस साष्टांग नमस्कार. उशीर झाला. झोप लागते.’ इतकंच. पत्ता घातला, आणि कार्ड खिशात ठेवून पोस्टापर्यंत गेले. पण पेटीच्या तोंडाशी हात थांबला. कागदावर आपल्याला खोटं जमत नाही, आणि ‘झोप लागते’ या दोन शब्दांत कुठेतरी काहीतरी कमी पडत होतं. ते कार्ड घेऊन परत आले. असं पुष्कळदा झालं. पहिला हप्ता गेला, दुसरा गेला, तक्त्यातल्या दोन ओळी नम्रतानं पेन्सिलीनं खोडल्या, आणि कार्ड खिशातच.

“टाकलंत का हो?” सुशीलाबाई विचारायच्या.

“उद्या.”

एका संध्याकाळी पिशव्यांवर नाव छापायचं विचारायला ते वाकडच्या रस्त्याला गेले होते. परतताना अंधारून आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं पेटत होती, मोबाइलवाला, केकवाला, दवाखाना, आणि त्या उजेडाच्या माळेत एक मणी काळा होता. शटर वर, दिवे बंद. आधी त्यांनी ओळखलंच नाही. मग झेरॉक्सची पाटी दिसली.

आत, यंत्राच्या मागे, कोणीतरी बसलं होतं. दाराजवळच्या स्टुलावर पांढरं काहीतरी होतं. उत्तरेश्वर रस्त्यावरच उभे राहिले. दोन वर्षं पोरं जशी त्यांच्या दुकानासमोरून ‘बंद आहे’ म्हणत पुढे जायची, तसं पुढे जाता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं.

ते आत गेले. स्टुलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. मधोमध खळगा पडलेला.

“दत्ता.”

“दाजी?” अंधारातून आवाज आला. “तुम्ही जा. तो अजून यायचाय.”

“तूही घेतलेत? कधीपासून?”

“तुमच्या आधीपासून,” दत्ता म्हणाला. “तुम्ही फेडलंत तर माझं एकदम मागू म्हणाले होते. म्हणून मी त्या दिवशी... आता मागतायत. अक्काला काय तोंड दाखवू?”

उत्तरेश्वरांना पुष्कळ काही म्हणता आलं असतं. पुस्तकात अशा वेळी माणसं बोलतात. ते भिंत चाचपत गेले, बटणांची पट्टी सापडली.

“दाजी, खाडा पडेल.”

“पडू दे.” त्यांनी बटण दाबलं. ट्यूब फडफडली, एकदा, दोनदा, आणि लागली. दत्ता डोळ्यांवर हात धरून बसला होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, सुशीलाबाईंच्याच चेहऱ्याचा. “उद्या सकाळी दुकानाची नोंदणी आणि खात्याचा उतारा घेऊन ये. तनुजा मॅडम दहाला बसतात. सावकाराचं आधी सांगायचं, लाजायचं नाही. मी येतो बरोबर. आणि रात्री जेवायला घरी ये. तुझी अक्का बोलणार नाही, वाढेल.”

बाहेर, उजेड संपतो तिथे, कुणीतरी येऊन थांबल्यासारखं त्यांना वाटलं. एक गिऱ्हाईक होतं. “आधारची झेरॉक्स मिळेल का? चालू आहे ना?”

“चालू आहे,” उत्तरेश्वर म्हणाले. “या.”

यंत्र घुरघुरायला लागलं तसे ते निघाले. कोपऱ्यावर लाल पेटी होती. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, दुकानाच्या उजेडात एकदा वाचलं. त्या दोन शब्दांत आता काही कमी पडत नव्हतं. त्यांनी ते पेटीत टाकलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.